दमट वॉर्डातली बारा तासांची ड्युटी: स्क्रबचं कापड आणि बूट कसे निवडायचे

मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यातल्या एखाद्या रुग्णालयात जनरल वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांची पोस्टिंग एसी असलेल्या आयसीयूत किंवा ओटीत आहे, त्यांना यातलं बरंचसं लागू पडणार नाही. इथे विचार आहे तो पंख्यांवर चालणाऱ्या वॉर्डाचा. खिडक्या उघड्या असतात, बाहेर पाऊस असतो, फरशी दिवसातून अनेकदा ओल्या पोछ्याने पुसली जाते आणि राउंड, औषधं, ड्रेसिंग, बेडमेकिंग यांत दिवसभर पाय थांबत नाहीत.

अशा वॉर्डातली खरी अडचण म्हणजे घाम सुकत नाही. घामाने अंग गार होतं ते घामाची वाफ होते म्हणून, आणि जुलैत मुंबईच्या हवेत आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असल्यामुळे वाफ फार सावकाश होते. नागपुरात मे महिन्यात तापमान इथल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, पण हवा कोरडी असल्यामुळे तिथे जाड सुती कपडाही चालून जातो. इथे तोच कपडा दहा वाजेपर्यंत पाठीला चिकटतो, दुपारपर्यंत मांड्यांना घासायला लागतो आणि रात्री धुऊन टाकला तर सकाळी शिवणीत ओला सापडतो. म्हणून कापड असो, मोजे असोत की बूट, हातात घेतल्यावर आधी विचारायचा प्रश्न एकच: हे किती वेळात सुकेल?

आधी दोन गोष्टी विचारून घ्या

खरेदीला निघण्यापूर्वी मेट्रनच्या ऑफिसात किंवा इन्चार्ज सिस्टरकडे दोन गोष्टी विचारा. पहिली, गणवेशाचा रंग, बूटांचा रंग आणि बूट बंद हवेत का, याबद्दलचा नियम. काही ठिकाणी पांढरे बंद बूटच लागतात, काही ठिकाणी काळे चालतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती सहसा कोणी विचारत नाही: गणवेश रुग्णालयाच्या लाँड्रीत धुतला जातो की घरी धुवायचा?

लाँड्रीत धुतला जात असेल तर कपडा गरम पाण्यात धुतला जाईल, मोठ्या ड्रायरमध्ये सुकेल आणि कडक इस्त्रीतून जाईल. अशा वेळी शुद्ध सुती कापड घ्यायला हरकत नाही, कारण सुकवण्याची चिंता तुमची नाही. मात्र स्पँडेक्स असलेलं ताणणारं कापड तिथे टिकत नाही. गणवेश घरी धुवायचा असेल, त्यातही हॉस्टेलच्या खोलीत दोरीवर वाळत घालायचा असेल, तर निवड बदलते. नव्याने लागलेल्या बहुतेकांची हीच परिस्थिती असते, म्हणून पुढचं सगळं तीच धरून सांगते.

कापड: धागा कोणता?

सुती धागा पाणी पितो. अंगात न घालताही तो नुसत्या हवेतून आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो. व्हिस्कोस, म्हणजे दुकानात ज्याला रेयॉन म्हणतात, त्याहून जास्त धरतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. ड्युटीवर याचा अर्थ असा होतो, की सुती कापड पहिले काही तास अंगावरचा घाम टिपून घेतं आणि बरं वाटतं, पण एकदा धागा भरला की ते जड होतं, चिकटतं आणि मग सुकतच नाही. साधं पॉलिस्टर उलट वागतं. घाम धाग्यात शिरत नाही, कातडीवर तसाच राहतो आणि अंगाला चिकचिक जाणवते, पण धुतल्यावर कापड लवकर सुकतं. पॉलिस्टरला घामातला तेलकटपणा चिकटून राहतो, त्यामुळे धुतलेल्या कपड्यालाही घालून तासाभरात वास येऊ लागतो. हा अनुभव वॉर्डात पुष्कळांना आहे.

घरी धुणाऱ्यांनी म्हणून मधला मार्ग घ्यावा: कॉटन जास्त आणि पॉलिस्टर कमी असलेलं मिश्रण. ५५ ते ६५ टक्के कॉटन असेल तर अंगाला बरं वाटतं आणि पंख्याखाली रात्रभरात सुकण्याची शक्यताही राहते. यात एक गोष्ट लक्षात ठेवा. गणवेशाच्या दुकानात टेरीकॉट म्हणून जे सर्वात सहज पुढे केलं जातं, त्यात बहुतेकदा प्रमाण उलट असतं, म्हणजे पॉलिस्टर दोन तृतीयांश आणि कॉटन एक तृतीयांश. ते टिकतं, चुरगळत नाही, स्वस्त पडतं, पण दमट वॉर्डासाठी बरोबर नाही. तेव्हा ‘टेरीकॉट आहे का’ असं विचारू नका. ‘यात कॉटन किती टक्के’ असं विचारा.

सध्या सगळीकडे दिसणारे चारही बाजूंनी ताणणारे स्क्रब बहुतेक पॉलिस्टर किंवा रेयॉन आणि थोडं स्पँडेक्स यांचे असतात. वाकायला, बसायला ते सोयीचे असतात आणि एसीत छान वाटतात. पण ते अंगाबरोबर शिवलेले असतात आणि कापड अनेकदा जाड असतं, त्यामुळे कातडी आणि कापड यांच्यामध्ये हवा खेळायला जागा उरत नाही. दमट वॉर्डात ही जागाच सर्वात मोलाची. घ्यायचेच असतील तर एक साइज मोठे घ्या.

लेबलवर ‘अँटीबॅक्टेरियल’ लिहिलेलं कापड महाग असतं. त्यासाठी जादा पैसे देऊ नका. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात आयसीयूतल्या परिचारिकांवर केलेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. जंतुरोधक प्रक्रिया केलेले स्क्रब आणि साधे स्क्रब यांच्यात शिफ्टच्या शेवटी कपड्यांवर सापडलेल्या जंतूंच्या बाबतीत फरक दिसला नाही. गणवेश रोज बदलणं आणि नीट धुणं याला पर्याय नाही.

कापड: वजन किती?

धाग्याइतकंच, आणि माझ्या मते त्याहून थोडं जास्तच, महत्त्व वजनाला आहे. कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. आपल्याला हवं १३० ते १५०. याहून हलकं पॉपलीन घेतलं तर ते घामाने भिजल्यावर पारदर्शक दिसतं, विशेषतः पांढरं आणि आकाशी. १८० च्या वर गेलं की ते थंड प्रदेशात घालायचं कापड समजा.

दुकानदाराला जीएसएम माहीत नसेल तर वजनकाट्यावर काढता येतं. ५८ इंच पन्हा म्हणजे साधारण १.४७ मीटर. त्या पन्ह्याचं एक मीटर कापड २२० ग्रॅम भरलं, तर २२० भागिले १.४७, म्हणजे जवळजवळ १५० जीएसएम. घरातला स्वयंपाकाचा काटा यासाठी पुरतो.

विणीबद्दल एवढंच पाहा, की कापडावर तिरप्या रेघा दिसतात का. दिसत असतील तर ते ट्विल किंवा ड्रिल आहे. ते मजबूत असतं, पण साधारणपणे जाड येतं. साधी उभी-आडवी वीण, म्हणजे पॉपलीन किंवा कॅम्ब्रिक, आपल्याला बरी. इचलकरंजीच्या मागांवर असं पॉपलीन पिढ्यान्‌पिढ्या विणलं जातं आणि मुंबईत हिंदमाता किंवा मंगलदास मार्केटमध्ये ते मीटरवर मिळतं. तयार स्क्रबपेक्षा कापड घेऊन शिवून घेणं मी नेहमी सुचवते, कारण वजन आणि माप दोन्ही आपल्या हातात राहतं.

विकत घेण्याआधी तपासायची पद्धत

पसंत पडलेल्या दोन-तीन कापडांचे पाव-पाव मीटरचे तुकडे घ्या. दुकानात नवीन कापडाला खळ असते, कधी पाणी न धरण्याचा थर असतो, त्यामुळे त्याची परीक्षा धुतल्यानंतरच करायची. एकदा साबणाने धुऊन वाळवा आणि मग पुढचं पाहा.

सुकलेल्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब लगेच शिरून पसरला तर घाम टिपला जाईल. मोत्यासारखा वर राहिला तर ते कापड अंगावर चिकचिक करणार. मग तुकडा तोंडावर धरून फुंकर मारा आणि दुसऱ्या बाजूला हात ठेवा. हवा हाताला सहज लागली पाहिजे. कॉटन असल्याची शंका असेल तर कडेचे चार धागे ओढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. मिश्रणात थोडी राख आणि थोडा कडकपणा दोन्ही मिळतात. हे सिंकजवळ करा.

शेवटची परीक्षा सुकण्याची, आणि निर्णय तिच्यावर घ्या. सगळे तुकडे रात्री एकाच वेळी धुवा, सारखे पिळा आणि जिथे रोजचा गणवेश वाळत घालणार आहात त्याच दोरीवर घाला. सकाळी ड्युटीला निघायच्या वेळी हात लावून पाहा. ही परीक्षा पावसाळ्यातच करायची. एप्रिलमध्ये सगळीच कापडं पास होतात.

एक उदाहरण पाहू. समजा, ठाण्यातल्या एका रुग्णालयात मेल मेडिकल वॉर्डला लागलेली एक सिस्टर हॉस्टेलवर राहते. आठवड्याला बारा तासांच्या पाच ड्युट्या, आणि कपडे खोलीतच वाळवायचे. तिच्यापुढे तीन तुकडे आहेत: १८० जीएसएमचं शुद्ध सुती ट्विल, १४५ चं कॉटन-जास्त मिश्रण आणि २१० चं ताणणारं पॉलिस्टर-रेयॉन. टॉप आणि पँट मिळून अंदाजे साडेतीन चौरस मीटर कापड धरलं, तर पहिला जोड ६३० ग्रॅमचा होतो, दुसरा ५१० चा आणि तिसरा ७३५ चा. म्हणजे कोरडा असतानाच तिसरा जोड दुसऱ्यापेक्षा पाव किलोने जड. हाताने पिळलेलं सुती कापड साधारण आपल्या वजनाइतकं पाणी धरून बसतं, तेव्हा ट्विलच्या जोडातून रात्रभरात अर्ध्या किलोहून जास्त पाणी उडून जायला हवं. दमट खोलीत ते जात नाही, आणि सकाळी काख, कमरपट्टा आणि खिशांच्या शिवणी ओल्या मिळतात. ताणणाऱ्या कापडाला शिवणी कमी असतील तर ते सुकलेलं दिसेलही, पण त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो लवकर शिरत नाही. मधलं कापड दोन्हीकडे पास होतं. ती तेच घेते.

आता जोड किती घ्यायचे? एक अंगावर, एक वाळत, एक तयार, असे तीन पुरतात असं पुष्कळजण सांगतात. सलग ड्युट्या असल्या आणि पाऊस लागला की वाळायला दोन रात्री लागतात, म्हणून या सिस्टरला चार हवेत. चौथा जोड लॉकरमध्ये राहू द्यावा. उलटी, लघवी किंवा रक्त अंगावर सांडलं तर त्या क्षणी बदलायला काहीतरी लागतं.

शिवताना काय सांगायचं?

शिंप्याकडे देण्याआधी सुती किंवा मिश्र कापड पाण्यातून काढून वाळवून घ्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि आटणं लांबीत जास्त दिसतं.

माप सांगताना छातीच्या मापापेक्षा १० ते १२ सेंटीमीटर सैल ठेवायला सांगा. काखेचा घेर खोल हवा, कारण तिथे कापड सर्वात आधी भिजतं. टॉपला दोन्ही बाजूंना चीर ठेवा. बाही कोपराच्या वर संपली पाहिजे, म्हणजे हात कोपरापर्यंत नीट धुता येतात. पँटची मोहरी घोट्यावर संपावी. फरशीला लागणारी मोहरी दिवसभर पोछ्याचं पाणी शोषून घेते.

कमरपट्ट्याबद्दल जरा आग्रहाने सांगते. पूर्ण गोल, घट्ट इलॅस्टिक नको. त्याखाली घाम साठतो, आधी घामोळं येतं आणि मग त्या रेषेवरच नायटा धरतो. पुढे रुंद नाडी आणि फक्त मागे थोडं इलॅस्टिक, असा पट्टा शिवून घ्या. मांडीचा घेरही सैल हवा आणि मधली शिवण सपाट, दुहेरी हवी. मांड्या घासून सोलपटत असतील तर आत पातळ सुती सायकलिंग शॉर्ट घातल्याने फरक पडतो. एवढं करूनही कमरेवर किंवा जांघेत गोल, खाजरे, कडेने लाल चट्टे दिसले तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. दोन दिवस खाज थांबते, पण नायटा पसरतो आणि पुढे हट्टी होतो.

शिवून आल्यावर आरशासमोर उभं राहून खूश होऊ नका. सलाईन स्टँडला बाटली लावल्यासारखा हात वर करा, बेड खाली करायला वाकता तसं वाका, ड्रेनची बॅग पाहायला बसता तसं उकिडवं बसा. पाठ उघडी पडत असेल किंवा शिवण ताणली जात असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या.

धुताना होणारे घोटाळे

रक्ताचा डाग गार पाण्यात आधी भिजवा. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन धाग्यात पक्कं बसतं. डाग निघाल्यावर मात्र धुलाई शक्य तितक्या गरम पाण्यात करा. ब्रिटनच्या आरोग्य विभागाच्या सूचनेप्रमाणे ६० अंश सेल्सिअसला १० मिनिटांची धुलाई जवळजवळ सगळे जंतू काढून टाकते. हॉस्टेलला तशी सोय नसेल तर साबणाची चांगली धुलाई, पूर्ण सुकवणं आणि गरम इस्त्री, हा क्रम पाळा. गणवेश घरच्या कपड्यांबरोबर भिजवू नका.

डाग काढायला हायपोक्लोराइट, म्हणजे साधं ब्लीच, वापरण्याची सवय पुष्कळांना असते. त्यात दोन धोके आहेत. स्पँडेक्स त्याने कमकुवत आणि पिवळं पडतं. आणि कापडावर क्लोरहेक्सिडीन सांडलेलं असेल, तर ब्लीच लागताच तिथे तपकिरी डाग उमटतो आणि तो परत निघत नाही. पांढऱ्या गणवेशावर कुठून आले कळत नाही असे तपकिरी ठिपके दिसले, तर कारण बहुतेक हेच असतं. क्लोरहेक्सिडीन लागलेला भाग भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि ब्लीच दूर ठेवा. कपड्याला मऊपणा आणणारं कंडिशनरही नको, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापडाची पाणी टिपण्याची ताकद कमी होते. एवढी पारख करून आणलेलं कापड त्याने वाया जातं.

बूट: आधी वरचा भाग, मग तळ

कापडात झालेली चूक शिंपी दुरुस्त करतो. बूटात झालेली चूक पाय, गुडघे आणि कंबर भोगतात, म्हणून इथे घाई नको.

वरचा भाग बंद हवा: बोटांवर पूर्ण, आणि टाचेला एकतर पूर्ण किंवा मजबूत पट्टा असलेला. पडलेली सुई, निसटलेलं ब्लेड, सांडलेलं रक्त हे सगळं वरूनच येतं. याच कारणाने वर भोकं असलेले क्लॉग्ज वॉर्डात घालू नयेत. हवेसाठी भोकं हवीत तर ती बाजूला, खालच्या अंगाला असावीत. जाळीचे स्पोर्ट्स शूज पायाला सर्वात हवेशीर वाटतात हे खरं आहे, पण त्यांतून रक्त आणि लघवी थेट मोज्यापर्यंत पोचते, आणि ते पुसून स्वच्छ होत नाहीत. लेबर रूम, कॅज्युअल्टी, सर्जिकल वॉर्ड इथे ते मुळीच नकोत. कॅनव्हासचे बूट तर पावसाळ्यात दोन-दोन दिवस सुकत नाहीत. पुसता येणारा कृत्रिम चामड्याचा बूट आणि आत पातळ कापडी अस्तर, ही दमट वॉर्डासाठी चांगली जोडी आहे.

ईव्हीए नावाच्या फोमचे एकसंध क्लॉग्ज हलके असतात, नळाखाली धुता येतात आणि पाच मिनिटांत पुसून कोरडे होतात. सुकण्याच्या कसोटीवर त्यांना तोड नाही. पण ते पायाचा घाम अजिबात टिपत नाहीत, म्हणून मोज्यांशिवाय घालू नयेत, आणि आतला इनसोल काढता येणारा असावा. टाचेचा पट्टा नेहमी मागे लावलेला ठेवा. ट्रॉली ओढताना मोकळी टाच निसटते आणि माणूस पडतो.

तळ रबराचा असेल तर ओल्या फरशीवर पकड सर्वात चांगली मिळते. नुसत्या ईव्हीएचा तळ झिजून गुळगुळीत झाला की साबणाच्या पाण्यावर घसरतो. तळावर खोल, सर्व दिशांना वळलेल्या खाचा असाव्यात, म्हणजे पाणी बाजूला निघून जातं. कामाच्या बूटांसाठी आयएसओ २०३४७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे एसआरसी असा शिक्का असलेला बूट साबणपाणी लावलेल्या सिरॅमिक टाइलवर आणि ग्लिसरीन लावलेल्या स्टीलवर, अशा दोन्ही चाचण्यांत पास झालेला असतो. २०२१ च्या आवृत्तीत साबणपाण्याची टाइलवरची चाचणी सगळ्यांनाच द्यावी लागते आणि ग्लिसरीनची जादा चाचणी पास झाल्यास एसआर असा शिक्का येतो. नुसतं ‘अँटी-स्लिप’ छापलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. बूट घालून दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर, परवानगी घेऊन, थोडं पाणी टाकून चालून पाहा.

पीयूच्या तळाबद्दल समुद्राकाठच्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॉलियुरेथेन चालायला मऊ आणि टिकाऊ असतं, पण दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की त्याची रासायनिक बांधणी सुटते. वरून नवा दिसणारा, डब्यातच पडून राहिलेला बूट एक दिवस घातल्यावर तळाचा भुगा होतो किंवा अख्खा तळ सुटून येतो. म्हणून सेलमधला जुना साठा घेताना पीयूचा तळ टाळा. आधीपासून घरात असेल तर अंगठ्याचं नख तळात दाबा. तडे दिसले किंवा कण निघाले तर तो ड्युटीला घालू नका.

बूटाचं माप

बूट घ्यायला संध्याकाळी, शक्यतो ड्युटी संपवून जा, आणि जे मोजे रोज घालणार तेच घालून जा. दिवसभर उभं राहिल्यावर पाय सुजतात. सकाळी बरोबर बसणारा बूट रात्री चावतो.

दुकानात इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. सर्वात लांब बोटापुढे एक सेंटीमीटरच्या आसपास जागा उरली पाहिजे, आणि पायाची कड कुठेही इनसोलच्या बाहेर जाता कामा नये. दोन्ही पाय तपासा आणि मोठ्या पायाचं माप घ्या. आपल्याकडे पुष्कळांचा पाय पुढून रुंद असतो आणि लोक रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेतात. मग टाच आत हलते आणि फोड येतात. नंबर तोच ठेवून पुढून रुंद असलेला साचा शोधा.

मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो बोटांच्या सांध्याजवळ वाकला पाहिजे. मधोमध दुमडत असेल तर कमानीला आधार नाही. टाचेकडचा मागचा भाग दाबून पाहा, तो कडक हवा. टाचेची उंची दोन-तीन सेंटीमीटर पुरे. पूर्ण सपाट बेलीज दिसायला नीटनेटक्या असतात, पण बारा तासांत टाचेखालच्या पडद्यावर सगळा ताण येतो. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असेल तर बूट बदलण्याची वेळ झालेली असते, आणि बूट बदलूनही दोन-तीन आठवडे ती राहिली तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं. मधुमेह असलेल्यांनी किंवा पायाला बधिरपणा जाणवणाऱ्यांनी आधीच डॉक्टरांना विचारून बूट घ्यावेत, कारण फोड आला तरी त्यांना तो कळत नाही.

नवा बूट पहिल्या दिवशी बारा तास घालू नका. तीन-चार तास घालून जुना चढवा आणि आठवडाभरात वेळ वाढवत न्या.

मोजे आणि पायांचं कोरडेपण

शुद्ध सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. ओली कातडी जास्त घासली जाते, तिथे फोड येतात, आणि बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी, मऊ पडून चिरते. त्याच चिखल्या. सुती धाग्यात नायलॉन किंवा पॉलिस्टर मिसळलेले, घोट्याच्या वरपर्यंत येणारे पातळ मोजे घ्या. बारा तासांच्या ड्युटीत एक जोड जेवणाच्या सुट्टीत बदलायचाच, असा नियम ठेवा. बदलताना बेचके टिशूने कोरडे करा. दोन मिनिटं लागतात आणि पायांना दुसरा कोणताही उपाय एवढा उपयोगी पडत नाही.

बूटांचे दोन जोड ठेवा आणि एक दिवसाआड घाला. दिवसभर घातलेल्या बूटाला आतून सुकायला पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही. घरी आल्यावर इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ते बदला आणि बूट पंख्यासमोर आडवे ठेवा. बंद कपाटात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका.

घर ते रुग्णालय या प्रवासासाठी वेगळी चप्पल किंवा सँडल हवी. ड्युटीचे बूट रस्त्यावर घालू नयेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत यावं लागलं तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते, म्हणून ड्युटीवर येताच पाय साबणाने धुवा, कोरडे करा, आणि पायाला जखम असेल तर त्याच दिवशी कॅज्युअल्टीत दाखवून प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा.

बूट कधी टाकायचे, हे तारखेवर ठरवता येत नाही. महिन्यातून एकदा दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. टाच एका बाजूला झुकलेली दिसली, खाचा सपाट झाल्या किंवा अंगठ्याने दाबलेला ईव्हीए परत वर येत नसेल, तर तो जोड ड्युटीतून काढा. इनसोल त्याआधी थकतो. तो वेगळा मिळतो, त्यामुळे बूट चांगले असतील तर फक्त इनसोल बदलून आणखी काही महिने काढता येतात.